पाट, तुषार की ठिबक : दिलेल्या पाण्यातले पिकाच्या मुळाशी किती थांबते, ते मोजायचे कसे

पाटपाण्याची कार्यक्षमता ६० टक्के, तुषारची ७५ आणि ठिबकची ९० टक्के, असे आकडे आपण सगळ्यांनी वाचलेले असतात. नियोजनापुरते ते ठीक आहेत, पण तुमच्या शेतातले ते आकडे नव्हेत. नीट बांधलेले सारे ८० टक्क्यांपर्यंत जातात आणि बेताल चालवलेले ठिबक ५० टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणून इथे एकच शेत आणि एकच पीक घेऊन तिन्ही पद्धती मोजून दाखवल्या आहेत. मोजण्याची साधने साधी आहेत : २०० लिटरचे पिंप, काही डबे, एक मोजपात्र, घड्याळ आणि माती काढायचा गिरमिट.

उदाहरणासाठी उन्हाळी भुईमूग घेऊ, कारण तो तिन्ही पद्धतींवर घेता येतो. शेत १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे एक हेक्टर. जमीन मध्यम पोयट्याची, उतार अगदी हलका. पंप उघड्या नळीतून सेकंदाला ८ लिटर पाणी फेकतो, म्हणजे २०० लिटरचे पिंप २५ सेकंदांत भरते. ही पिंपाची मोजणी आधी करून घ्या. पंपाच्या पाटीवर छापलेला प्रवाह विशिष्ट उंचीसाठी असतो. विहिरीतले पाणी खाली गेले की तो राहत नाही.

आधी तूट किती, ते काढा

पाणी मिलिमीटरमध्ये मोजायची सवय लावली की तिन्ही पद्धती एकाच तराजूत येतात. एक हेक्टरवर एक मि.मी. पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर. पाऊस आपण असाच मोजतो, मग पाणी पाजणेही तसेच मोजता येते.

मध्यम पोयट्याची जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण १४० मि.मी. पाणी धरते. रेताड जमिनीत हा आकडा निम्म्यावर येतो, भारी चिकणमातीत थोडा वाढतो. भरात आलेल्या भुईमुगाची बहुतेक मुळे ६० सें.मी.मध्ये असतात, म्हणजे त्याच्या हाताशी ८४ मि.मी. साठा असतो. यातला निम्मा संपेपर्यंत थांबले तरी भुईमुगाला ताण बसत नाही. कांद्यासारखे उथळ मुळांचे पीक मात्र तीस टक्के साठा संपला की तक्रार करू लागते. तेव्हा आपल्या शेतात पाणी द्यायच्या दिवशी तूट आहे ४२ मि.मी. कडक उन्हाळ्यात भरातले पीक दिवसाला ६ मि.मी. पाणी वापरत असेल, तर ही तूट सात दिवसांनी पडते.

या ४२ मि.मी.पेक्षा जास्त दिलेले पाणी ६० सें.मी.च्या थरात थांबूच शकत नाही. ते खाली जाते आणि जाताना नत्रही घेऊन जाते. पुढची सगळी मोजणी या एका आकड्याभोवती फिरते.

पाटपाणी : शंभर मीटरच्या साऱ्यात काय होते

समजा सारे ३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब आहेत. मातीच्या पाटातून पाणी येते, एका वेळी एकच सारा भिजतो आणि पाणी शेवटाला पोहोचेपर्यंत ४० मिनिटे लागतात. पंपातून या वेळात १९,२०० लिटर पाणी निघाले. साऱ्याचे क्षेत्र ३०० चौरस मीटर, म्हणून उपसलेले पाणी झाले ६४ मि.मी.

त्यातले साऱ्याच्या तोंडाशी किती आले, हे पाटात खाचेचे पत्रे बसवून कळते. पत्र्याला काटकोनी 'व्ही' आकाराची खाच पाडा, तो पाटात आडवा आणि पातळीत बसवा, बाजूंना चिखल लिंपून गळती बंद करा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण पत्र्याला चिकटून नाही. तिथे पाणी खाली वाकलेले असते. किमान अर्धा मीटर मागे, संथ पाण्यात पट्टी धरा.

```
Q = 0.0138 × H^2.5
(Q लिटर प्रति सेकंद, H सेंटिमीटर)
```

पंपाजवळ उंची १२.७ सें.मी. भरली तर प्रवाह ८ लिटर, साऱ्याच्या तोंडाशी १२.१ सें.मी. भरली तर ७ लिटर. फरक डोळ्याला अर्ध्या सेंटिमीटरचा दिसतो, पण दर सेकंदाला एक लिटर पाटातच जिरते आहे. म्हणजे ६४ पैकी ५६ मि.मी. शेतात पोहोचले.

आता त्यातले मुळांच्या थरात किती थांबले ते पाहू. पाणी देण्याआधी साऱ्याच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेपटाला गिरमिटाने ६० सें.मी.पर्यंत दर १५ सें.मी.च्या थराची माती वेगवेगळी काढा आणि झाकणाच्या डबीत भरून वजन करा. ती १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करा. पाणी दिल्यावर, वाफसा येऊ लागला की एका दिवसाने त्याच जागांच्या शेजारी हेच परत करा. एखाद्या थरातला ओलावा कोरड्या मातीच्या वजनाच्या १४ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला आणि मातीची घनता १.३ असेल, तर त्या थरात थांबलेले पाणी ०.०६ × १.३ × १५० म्हणजे सुमारे १२ मि.मी. चारही थरांची बेरीज करा आणि मधल्या दिवसात पिकाने घेतलेले ६ मि.मी. त्यात मिळवा. हे मिळवायचे बरेच जण विसरतात, आणि मग पद्धत आहे त्याहून वाईट दिसते.

आपल्या साऱ्यात तोंडाशी ४२, मध्यावर ४२ आणि शेपटाला ३६ मि.मी. भरले, सरासरी ४०. उपसलेल्या ६४ पैकी ४० म्हणजे ६३ टक्के. पुस्तकातला आकडा जवळपास बरोबर निघाला. पण तोटा कुठे झाला हे आता स्पष्ट आहे : ८ मि.मी. पाटात, आणि १६ मि.मी. मुख्यतः साऱ्याच्या वरच्या भागात मुळांखाली. साऱ्याच्या तोंडाशी पाणी सर्वांत जास्त वेळ उभे राहते. शेपटाची तहान भागेपर्यंत तोंडाला दुप्पट पाजून होते.

वाळवायची भट्टी नसेल तर लोखंडी सळई वापरा. बोटाएवढ्या जाडीची, टोकाला बोथट सळई पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताच्या जोराने मातीत दाबत जायची. ओली माती संपली की ती अडते. तोंडाशी सळई ९० सें.मी. जाते आणि शेपटाला ४५ वर अडते, एवढे कळले तरी काय बिघडले ते समजते. मुरमाड जमिनीत मात्र सळई दगडाला अडते, तिथे गिरमिटच हवा.

दुरुस्ती दोन ठिकाणी करायची. मातीच्या पाटाऐवजी नळी घाला, म्हणजे ८ च्या ८ लिटर साऱ्याला मिळतील. आणि सारा मध्ये तोडून ५० मीटरचा करा. अर्ध्या लांबीला अर्धा वेळ लागत नाही, त्याहून कमी लागतो, कारण पाणी जसे पुढे सरकते तसा मागचा भिजणारा पट्टा वाढत जातो आणि टोक मंदावते. आपल्या शेतात ५० मीटरचा सारा १६ मिनिटांत भिजला असे धरू. १५० चौरस मीटरवर ७,६८० लिटर म्हणजे ५१ मि.मी. त्यातले ४१ थांबले तर कार्यक्षमता ८० टक्के. हेक्टरचे भिजवण २२ तासांवरून १८ तासांवर येते.

पाणी शेपटाला पोहोचायच्या आधीच तोंड बंद करायला शिका. साधारण नऊ-दशांश अंतर गेले की वळवा, वर साचलेले पाणी उरलेला भाग भिजवते. उतार जास्त असेल तर त्याहूनही आधी. साऱ्यात आडवा उंचवटा किंवा खड्डा राहिला असेल तर यातले काहीच जमत नाही. पाणी एका कडेने पळते आणि दुसरी कड कोरडी राहते. त्या साऱ्याला आधी फळी मारून सपाटी आणा.

तुषार : डब्यांची चाचणी

तुषार संचावर पाणी सगळीकडे सारखे पडते असे दिसते. प्रत्यक्षात ते सारखे पडत नाही. किती असमान पडते हे मोजायची डब्यांची पद्धत १९४२ साली क्रिस्टियानसेन यांनी मांडली आणि आजही तीच वापरात आहे. इथे तिचे सोपे रूप घेतो.

आपल्या संचात तोट्या १२ × १२ मीटरवर आहेत, प्रत्येकीचा प्रवाह ०.४५ लिटर प्रति सेकंद, दाब २.५ किलो. तोटीचा प्रवाह मोजायला तिच्या तोंडावर नळी बसवून २० लिटरची बादली भरा, ४४ सेकंद लागायला हवेत. १४४ चौरस मीटरवर हा प्रवाह म्हणजे ताशी ११.२५ मि.मी. पाऊस. आपली पोयट्याची जमीन ताशी १० ते २० मि.मी. पाणी पिते, म्हणून चालते. भारी चिकणमाती ताशी १ ते ५ मि.मी.च पिते, तिथे हीच तोटी तासाभरात पाणी साचवेल आणि ते वाहून जाईल. चिकण जमिनीवर लहान छिद्राच्या तोट्याच घ्या.

दाब आला की पंपाचा प्रवाह घटतो, तेव्हा ८ लिटरचे ७.२ होतात. त्यावर १६ तोट्या चालतात, म्हणजे शेजारशेजारच्या दोन ओळी, प्रत्येकी ८. अशा चार पाळ्यांत शेत भिजते.

चाचणीसाठी चार तोट्यांच्या मधल्या चौकोनात ३-३ मीटरवर सारख्या तोंडाचे १६ डबे मांडा, त्यांच्या कडा पिकाच्या शेंड्याहून वर येतील असे. तासभर संच चालवा आणि प्रत्येक डब्यातले पाणी मोजपात्राने मोजा. मिलिलिटरला डब्याच्या तोंडाच्या क्षेत्राने, चौरस सेंटिमीटरमध्ये, भागून दहाने गुणले की मि.मी. मिळतात. दहा सें.मी. व्यासाच्या डब्यात ८० मि.लि. म्हणजे १०.२ मि.मी.

आपली सरासरी १०.२ आली असे धरू. तोटीतून ११.२५ निघाले होते, म्हणजे ९ टक्के पाणी हवेतच गेले. आता सर्वांत कमी भरलेले चार डबे वेगळे काढा. त्यांची सरासरी ८.२ असेल तर समानता ८.२ भागिले १०.२, म्हणजे ८० टक्के. शांत हवेत एवढी मिळायला हवी. ७० च्या खाली गेली तर संचात दोष शोधा.

साडेचार तास चालवल्यावर उपसलेले पाणी ५१ मि.मी. झाले, जमिनीवर सरासरी ४६ पडले. सर्वांत कोरड्या चौथ्या भागाला ३७ मिळाले, बाकीच्यांना ४२ किंवा त्याहून अधिक. ४२ च्या वरचे खाली गेले. थांबलेले पाणी ४१ मि.मी., कार्यक्षमता ८० टक्के. म्हणजे दुरुस्त केलेल्या साऱ्याइतकीच! तुषार घेतला की पाणी आपोआप वाचते असे मानणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवावा. तुषारचा खरा फायदा वेगळा आहे, तो पुढे येतो.

डब्यांचे आकडे कागदावर चौकोनात मांडले की दोष स्वतःच दिसतो. तोटीभोवती कोरडे आणि लांबवर ओले कडे दिसत असेल तर दाब कमी आहे. पाणी फुटत नाही, जाड धार लांब जाऊन पडते. उलट तोटीजवळच जास्त पाणी आणि हवेत धुके दिसत असेल तर दाब जास्त आहे. सगळे जास्तीचे पाणी एकाच बाजूला सरकले असेल तर वारा. ताशी १५ किलोमीटरहून जोराचा वारा असेल तर संच बंद ठेवा. दुपारी वारा आणि ऊन दोन्ही असतात, पहाटे दोन्ही नसतात. पहाटेचा आणखी एक फायदा : उन्हे वर येताच पाने वाळतात. संध्याकाळी भिजवलेली पाने रात्रभर ओली राहतात आणि टिक्क्याला आमंत्रण देतात.

वाळू येणाऱ्या पाण्याने तोटीचे छिद्र झिजते. मूळ मापाच्या ड्रिल-बिटची दांडी छिद्रात घालून पाहा, सैल हलली तर तोटी बदला. एकच झिजलेली तोटी फार काही करत नाही. पण सगळ्याच झिजल्या की पंपाचा दाब पडतो आणि पूर्ण संच धारेवर येतो.

ठिबक : अडीच तासांची सवय

भुईमूग गादीवाफ्यावर आहे, दोन वाफ्यांच्या मध्यांतील अंतर १.२ मीटर, वाफ्यावर चार ओळी आणि मधोमध एक १६ मि.मी.ची नळी. ड्रिपर ४० सें.मी.वर, प्रवाह ताशी २ लिटर. एका ड्रिपरच्या वाट्याला ०.४८ चौरस मीटर, म्हणून ताशी ४.१७ मि.मी. हा आकडा प्रत्येक ठिबकवाल्याने नळी टाकली त्याच दिवशी काढून पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. हेक्टरभर ड्रिपर मिळून सेकंदाला ११.६ लिटर लागतात, पंपाकडे तेवढे नाहीत, म्हणून दोन भाग करून पाळीने चालवायचे.

पोयट्याच्या जमिनीत एका नळीचे पाणी कडेच्या ओळीपर्यंत पसरते. रेताड जमिनीत ते पसरण्याऐवजी सरळ खाली जाते, तिथे वाफ्याला दोन नळ्या लागतात. एक नळी टाकून वेळ वाढवत बसणे हा उपाय नाही. त्याने फक्त खोली वाढते.

दिवसाला ६ मि.मी. हवे आहेत आणि संचाची समानता ९० टक्के आहे असे धरले तर ६.७ मि.मी. द्यावे लागतील : एक तास ३६ मिनिटे. इतकेच. आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. ठिबकने सगळे शेत ओले दिसत नाही. दोन वाफ्यांमधली माती पांढरी, कोरडी दिसते. पाटपाण्यावर वाढलेल्या नजरेला ते अपुरे वाटते, आणि वेळ वाढत वाढत अडीच तासांवर जाते. ते रोजचे १०.४ मि.मी. झाले. पिकाला ६ लागतात, उरलेले ४ रोज मुळांखाली जातात. वरून काहीच कळत नाही, पाणी कुठेही वाहताना दिसत नाही.

हे ओळखायचे कसे? ड्रिपरच्या खाली आणि कडेच्या ओळीखाली, दोन्ही ठिकाणी गिरमिटाने ७५ सें.मी. खोलीची माती काढा. संच सुरू करण्याच्या थोडे आधीची वेळ निवडा. त्या खोलीवरची माती मुठीत दाबल्यावर ओलसर गोळा होत असेल आणि दर आठवड्याला तशीच राहत असेल, तर वेळ जास्त आहे. कडेच्या ओळीखाली ३० सें.मी.वर माती भुरभुरीत असेल तर कमी आहे, किंवा नळ्यांचे अंतर चुकले आहे.

समानतेची चाचणी डब्यांपेक्षा सोपी आहे. पहिली, शेवटची आणि मधल्या दोन अशा चार नळ्या निवडा. प्रत्येकीवर सुरुवात, एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि शेवट असे चार ड्रिपर. प्रत्येकाखाली तीन मिनिटे डबा धरा. २ लिटरचा चांगला ड्रिपर तीन मिनिटांत बरोबर १०० मि.लि. देतो, त्यामुळे मि.लि. म्हणजेच टक्के. समजा सोळांची सरासरी ९४ आली आणि सर्वांत कमी चार ७४, ७८, ८० आणि ८४, म्हणजे सरासरी ७९. समानता ७९ भागिले ९४, म्हणजे ८४ टक्के. आता सर्वांत कोरड्या चौथ्या भागालाही ६ मि.मी. पोहोचवायचे तर एक तास ४९ मिनिटे चालवावे लागेल. ती जास्तीची १३ मिनिटे म्हणजे चोंदलेल्या ड्रिपरसाठी चांगल्या ड्रिपरखाली सांडलेले पाणी.

कमी आकडे कुठे आले ते पाहा. प्रत्येक नळीच्या शेवटालाच कमी असेल तर टोके उघडून गाळ सोडा. तरीही फरक राहिला तर नळी तिच्या मर्यादेपेक्षा लांब आहे. शेवटच्या नळ्यांवर सगळेच कमी असेल तर उपमुख्य नळीत दाब मरतो आहे. कुठेही, कसेही विखुरलेले असतील तर ड्रिपर चोंदले आहेत. एक ड्रिपर कापून आत पाहा. पांढरा, खरखरीत थर क्षाराचा असतो, त्याला आम्ल लागते. हिरवट किंवा तांबूस बुळबुळीत थर शेवाळाचा आणि जिवाणूंचा, त्याला क्लोरीन लागते. आम्ल सोडताना नळीतल्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणा, अर्धा ते एक तास तसेच उभे ठेवा, मग टोके उघडून धुऊन काढा. नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही. आणि आम्ल व क्लोरीन एकाच वेळी किंवा एकाच भांड्यात मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक असू द्या. धुतल्यानंतरचा फरक लिहून ठेवा आणि तो ०.३ किलोने वाढला की धुवा. दिवस मोजून धुण्यात अर्थ नाही, पावसाळ्यानंतर गढूळ पाणी असते तेव्हा दिवसातून दोनदा लागेल.

लहान पीक : खरा फरक इथे पडतो

आतापर्यंत भरातल्या पिकाचे एकच पाणी पाहिले. त्यात सुधारलेला सारा आणि तुषार बरोबरीत सुटले. पण पेरणीनंतरचा महिना घ्या. मुळे ३० सें.मी.मध्ये आहेत, तूट फक्त २१ मि.मी. तुषार सव्वादोन तास चालवला की २५ मि.मी. देऊन काम झाले. साऱ्यात मात्र २१ मि.मी. देताच येत नाहीत. पाणी शेवटाला न्यायचे तर ५१ घालावेच लागतात, उरलेले ३० खाली जातात. त्या पाण्याची कार्यक्षमता ४१ टक्के. शिवाय नुकत्याच नांगरलेल्या मोकळ्या जमिनीत पाणी आणखी हळू सरकते, त्यामुळे पहिले भिजवण सर्वांत महाग पडते.

म्हणून हंगामाचा हिशेब एका पाण्यावरून काढू नका. लहानपणीची ४ पाणी २१ मि.मी.ची आणि नंतरची ९ पाणी ४२ ची धरली, तर ९१ दिवसांत पिकाला ४६२ मि.मी. हवे आहेत. पद्धतीनुसार उपसा असा होतो :

- १०० मीटरचे सारे, मातीचा पाट : ८३२ मि.मी., त्यातले ५३ टक्के कामी आले.
- ५० मीटरचे सारे, नळी : ६६३ मि.मी., ६८ टक्के.
- तुषार, पहाटेचा : ५५९ मि.मी., ८१ टक्के.
- ठिबक, मोजून चालवलेले : ५१३ मि.मी., ९० टक्के.
- ठिबक, पहिल्या दिवसापासून रोज अडीच तास : ९४८ मि.मी., ४९ टक्के.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. सर्वांत महागड्या संचाने सर्वांत जुन्या पद्धतीपेक्षा जास्त पाणी खाल्ले. लहान पिकाला दिवसाला ३ मि.मी. पुरतात, म्हणजे पाऊण तास, आणि तेव्हाही व्हॉल्व्ह अडीच तास उघडा राहिला. ठिबकवर दर पंधरवड्याला वेळ बदलावीच लागते.

लहान पिकात ठिबकचा आणखी एक फायदा या आकड्यांत धरलेला नाही. पाने जमीन झाकत नाहीत तोवर ओल्या पृष्ठभागावरून पुष्कळ पाणी उडते. ठिबकने पृष्ठभागाचा लहानसा भागच ओला होतो, त्यामुळे ते उडणे घटते. पीक दाटले की हा फायदा जवळजवळ संपतो. उगवणीच्या वेळी मात्र ठिबक कमी पडते. कोरड्या वाफ्यात कडेच्या ओळींचे बी उगवत नाही. पहिले पाणी तुषारने द्या, किंवा पेरणीआधी नळी एकदाच जास्त वेळ चालवून पूर्ण वाफा ओला करून घ्या.

आकडे वाचताना दोन गोष्टी

पाणी वाचले म्हणजे वीज वाचली असे होत नाही. साऱ्याला पाणी नुसते वर आणायचे असते. तुषारला त्यावर २५ मीटर उंचीइतका दाब आणि नळ्यांतील घर्षण, मिळून सुमारे ३० मीटर. ठिबकला फिल्टर धरून २० मीटरच्या आसपास. पाणी १८ मीटरवरून उचलायचे असेल तर ८३२ × १८ म्हणजे १४,९७६. तुषारचे ५५९ × ४८ म्हणजे २६,८३२. ठिबकचे ५१३ × ३८ म्हणजे १९,४९४. पंपाची क्षमता सारखी धरली तर जुन्या साऱ्यापेक्षा तुषारला पावणेदोन पटीहून जास्त ऊर्जा लागली. पाणी जितके खोल, तितका हा फरक कमी होत जातो, कारण मग उचलण्याचाच खर्च मोठा होतो आणि कमी उपसा उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट मुळांखाली गेलेल्या पाण्याची. ते नेहमीच वाया गेलेले नसते. खाली त्याच भूजलाचा साठा असेल, ज्यातून तुम्ही उपसता, तर त्यातले काही परत येते, उशिरा आणि नत्र घेऊन. खालचे पाणी खारे असेल किंवा ते कधीच वर येणार नसेल, तर तो पूर्ण तोटा. पिकाने बाष्प करून उडवलेले ४६२ मि.मी. मात्र कोणत्याही पद्धतीत परत येत नाहीत. यातून सरळ निष्पन्न होते की ठिबकमुळे वाचलेल्या तासांत आणखी अर्धा हेक्टर भिजवला, तर विहिरीची पातळी सुधारण्याऐवजी खालावू शकते. कारण परत जाणारे पाणी कमी झाले आणि उडून जाणारे वाढले. विहीर सावरायची असेल तर क्षेत्र तेवढेच ठेवून पंपाचे तास कमी करा.

ठिबकवर मुळांखाली काहीच जाऊ दिले नाही तर क्षार मात्र साठतात. पाण्यात क्षार असतील तर ते ओल्या भागाच्या कडेला, वाफ्याच्या खांद्यावर पांढरे दिसू लागतात. चांगला पाऊस होत असेल तर तो ते धुऊन नेतो. पण हंगामाचा पहिला हलका पाऊस धोक्याचा असतो, तो कडेचे क्षार मुळांकडे ढकलतो. अशा पावसात संच बंद करू नका. पाऊस चालू असतानाच तासभर ठिबक चालवा, म्हणजे क्षार बाहेरच्या बाजूला राहतात.